फुटबॉल बघते, पण दिसतो फक्त चेंडू. कुठलं पुस्तक आधी वाचू?

डोंबिवलीची_निशा

2022 ची वर्ल्डकप फायनल घरात सगळे बघत होते म्हणून मीही बसले. अर्जेंटिना-फ्रान्स, 3-3, मग पेनल्ट्यांवर 4-2. त्या रात्रीपासून जी चटक लागली ती लागलीच. आता शनिवार-रविवार प्रीमियर लीग लागते आणि रिमोट माझ्याकडे असतो.

पण खरं सांगू? मला फक्त चेंडू दिसतो. चेंडू डावीकडे गेला की माझी मान डावीकडे. मुलगा (वय 19) शेजारून ओरडतो, "आई, काय जागा सोडलीय बघ!" मी बघते तर मला जागा दिसत नाही, गवत दिसतं. क्रिकेटमध्ये असं होत नाही. स्लिप काढून शॉर्ट मिडविकेटला नेली की कॅप्टनच्या डोक्यात काय चाललंय ते मला बॉलरच्या आधी कळतं. इथे मी अडाणी.

मुलाच्या सांगण्यावरून लायब्ररीतून जोनाथन विल्सनचं 'इन्व्हर्टिंग द पिरॅमिड' आणलं. साठेक पानं नेटाने वाचली. ग्लासगो, 1872, मग नावांची ही रांग. झोप आली. पुस्तक चुकीचं उचललं का? इतिहास आधी वाचायचा की डावपेच? आणि मराठीत काही आहे का?

पावशेर_पाऊस

एदुआर्दो गालेआनोचं 'फुटबॉल इन सन अँड शॅडो' घ्या. पान-दीड पानाचे तुकडे आहेत, कुठूनही उघडा. उरुग्वेचा माणूस, लिहितो असा की खेळ न कळणाऱ्यालाही भरून येतं. विल्सन वगैरे परीक्षेचा अभ्यास झाला.

पालक_2011

बरा धागा निघाला. माझा मुलगा 12 वर्षांचा आहे, अकादमीत जातो. सर त्याला सतत मागेच उभं करतात, पुढे खेळूच देत नाहीत. पोझिशन कशी ठरवतात यावर एखादं चांगलं पुस्तक आहे का? सरांना भेट देईन म्हणतो.

जुनाहाफ

पालक, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. (सरांना पुस्तक भेट देऊ नका. 12 व्या वर्षी मागे खेळलेलं पोर समोरचं सगळं मैदान बघायला शिकतं, त्यात वाईट काही नाही.)

निशाताई, पुस्तक बरोबर उचललंत, दार चुकलं. विल्सनने 2008 मध्ये ते लिहिलं तेव्हा वाचकाला आजचे सामने वाचता येतात हे गृहीत धरलं होतं. त्यामुळे 1872 ला सुरुवात करून तो कुठे निघालाय हे जाणकाराला कळतं, नवख्याला नाही. ते मधून सुरू करा. हंगेरीचं प्रकरण काढा, 1953 चा वेम्बली. ते वाचून झालं की मागे जाऊन हर्बर्ट चॅपमनचं वाचा. उलटं. का ते सांगतो, जरा लांबेल.

1925 पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता की पुढे पास घेणाऱ्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे किमान तीन जण हवेत. एक गोलकीपर धरला तर आणखी दोन. म्हणजे एक बॅक नुसता चार पावलं पुढे सरकला की अख्खी फॉरवर्ड लाइन ऑफसाइड, आणि फसलंच तर दुसरा बॅक मागे आहेच. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन यात इतका तरबेज होता की प्रेक्षक वैतागायचे. सामने कंटाळवाणे झाले म्हणून 1925 मध्ये तीनाचे दोन केले. पुढच्याच मोसमात इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमधले गोल 1192 वरून 1703 वर गेले. सामने तेवढेच, 462.

आता बॅकवाल्यांची पंचाईत. पुढे सरकायचं आणि फसलं तर मागे फक्त गोलकीपर. त्याच उन्हाळ्यात चॅपमन आर्सेनलला आला होता. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलकडून 7-0 मार खाल्ल्यावर त्याचा खेळाडू चार्ली बुकन म्हणाला की सेंटर हाफला मागे ओढा, दोन बॅकच्या मधोमध उभा करा. तोवर सेंटर हाफ हा मैदानाच्या मध्यावरचा राजा, पुढेही जायचा, मागेही यायचा. तो झाला स्टॉपर. त्याला एकच काम, समोरचा सेंटर फॉरवर्ड धरायचा. पाठीवर 5 वाला 9 ला धरणार, 2 आणि 3 वाले विंगरांना. पुढची पंचवीसेक वर्षं इंग्लंडमध्ये ही जवळजवळ घरची रीत झाली.

हे एवढं डोक्यात ठेवा आणि मग 25 नोव्हेंबर 1953 कडे या. हंगेरीचा हिदेगकुटी 9 नंबर घालून उतरला, पण 9 नंबरच्या जागी उभाच राहिला नाही. तो मागे, मध्याकडे खेळत होता. गोल करायला पुढे पुश्काश आणि कोचिश. इंग्लंडचा 5 नंबर हॅरी जॉन्स्टन. त्याने आयुष्यभर 9 ला धरलेलं. आता तो 9 मागे सरकला. जॉन्स्टनने काय करावं? त्याच्यामागे जावं तर आपल्या गोलसमोर भगदाड, पुश्काश तिथे वाटच बघतोय. जागेवर थांबावं तर हिदेगकुटी मोकळा, चेंडू घेऊन वळतो, बघतो, वाटेल तिथे देतो.

पहिल्या मिनिटालाच हिदेगकुटीने गोल मारला. एकूण तीन मारले. 6-3. जॉन्स्टनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की सगळ्यात वाईट होती ती हतबलता, काहीही करता न येणं. इंग्लंडकडून तो त्याचा शेवटचा सामना.

तुमचा मुलगा "जागा सोडलीय" म्हणतो ना, ती ही जागा. क्रिकेटमधली गॅपच, फक्त इथे फील्डर सतत हलतात आणि गॅप त्यांच्या पाठीमागे तयार होते. म्हणून चेंडूकडे बघणाऱ्याला ती दिसत नाही.

कूपरेज_स्टँड

जुनाहाफ, छान. पण मुद्दा राहिला. इंग्लंड तोपर्यंत आपल्या घरी कोणाकडूनही हरलं नव्हतं, म्हणून तो धक्का. बाकी हा मागे सरकणारा 9, ज्याला हल्ली फॉल्स नाइन म्हणतात, तो खरा ग्वार्दिओलाचा शोध. हिदेगकुटी म्हणजे सरळ मिडफिल्डर होता, अंगावर 9 नंबर होता इतकंच.

जुनाहाफ

पहिलं अर्धं बरोबर. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या संघाकडून घरी हरले नव्हते. आयर्लंडने मात्र त्यांना 1949 मध्ये लिव्हरपूलला, गुडिसन पार्कवर 2-0 हरवलं होतं. तेव्हा त्या आयरिश संघातले बरेच जण इंग्लंडच्याच क्लबांत खेळायचे, म्हणून इंग्रजांनी तो पराभव सोयीस्करपणे धरला नाही.

दुसऱ्याबद्दल, शोध कोणाचा यावर भांडत बसलो तर 1930 च्या दशकातला ऑस्ट्रियाचा सिंडेलार निघेल. तोही मागे यायचा. ग्वार्दिओलाच्या आधी स्पालेटीने रोमात तोत्तीला तसंच खेळवलं. हिदेगकुटी मिडफिल्डर होता म्हणाल तर मला मान्य आहे, पण मग मेस्सीलाही तेच म्हणावं लागेल.

कूपरेज_स्टँड

मेस्सीला कसं म्हणणार? मेस्सी गोल करायचा!

जुनाहाफ

हिदेगकुटीने वेम्बलीवर तीन केले हो.

पेठेतला

नमस्कार मंडळी. कोल्हापूर. पुस्तकं वाचून फुटबॉल कुणाला कळल्याचं मी तरी बघितलं न्हाई. ताई, शाहू स्टेडियमला या, पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की वरच्या पायरीवर बसा. खाली बसला तर नुसती ढकलाढकली दिसते. वर बसला की दोन्ही टीम सतरंजीगत पसरलेली दिसते. आमचे आजोबा शाळा शिकले न्हाईत, पण स्टॉपर दोन पावलं पुढं आला की "गेला, गेला" म्हणून उठायचे. गोल नंतर व्हायचा.

टीव्हीवर कॅमेरा बॉलला चिकटलेला असतो. जे बघायचं ते चौकटीभाईर घडतंय आणि तुम्ही बघताय ड्रिबल. हे कुठल्या पुस्तकात लिवलंय?

जुनाहाफ

पेठेतले, तुमच्याशी वाद नाही. तुमच्या आजोबांनी जे वरच्या पायरीवरून बघितलं तेच मी वर लिहिलंय, फक्त त्यांना 1925 सांगावं लागलं नाही. टीव्हीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. म्हणूनच आधी पुस्तक आणि मग टीव्ही असं करायला सांगतोय. कुठे बघायचं हे आधी माहीत असेल तर त्या चौकटीतही अर्धं तरी सापडतं.

ऋतुजा_के

मी वेगळ्या वाटेने गेले, सांगू का? मलाही विल्सन झेपला नव्हता. मी मायकेल कॉक्सचं 'द मिक्सर' वाचलं (2017). प्रीमियर लीगचीच गोष्ट, 1992 पासून. सुरुवातच बॅकपासच्या नियमाने होते. त्याआधी बॅकने पायाने दिलेला चेंडू गोलकीपर हातात घ्यायचा, परत द्यायचा, परत घ्यायचा, वेळ काढायचे. 1992 मध्ये ते बंद झालं. मग गोलकीपरला पायाने खेळता यायला हवं, मग बॅकलाही, आणि आज सिटीचा कीपर आपल्याच गोलसमोर शांतपणे पास देत बसतो आणि आपला जीव वरखाली होतो, त्याचं मूळ तिथे आहे. नावंही ओळखीची, कांतोना, बर्गकाम्प, ऑन्री. निशाताई प्रीमियर लीगच बघतात ना? मग हंगेरी कशाला?

पावशेर_पाऊस

हेच मी म्हणत होतो. नवीन माणसाला बुडापेस्टला कशाला नेताय.

जुनाहाफ

तुम्ही तर मोंटेव्हिडिओला नेत होतात.

ऋतुजा, 'द मिक्सर' चांगलंच आहे आणि निशाताईंना ते सोपं जाईल, मान्य. माझी एकच तक्रार. त्यात कल्पना बहुतेक वेळा बाहेरून इंग्लंडमध्ये येतात, विमानातून उतरल्यासारख्या. त्या आधी कुठे होत्या ते कळत नाही. विल्सनकडे ते कळतं. जिमी होगन नावाचा इंग्रज कोच, ज्याला घरी कोणी विचारलं नाही, तो पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टच्या एमटीके क्लबला शिकवत होता. 1953 ला हंगेरीच्या लोकांनी श्रेय त्याला दिलं, आणि म्हातारा होगन त्या दिवशी वेम्बलीवर प्रेक्षकांत बसलेला. इंग्रजांचाच माल इंग्रजांना परत.

आणि इंग्लंडचा त्या दिवशीचा राइट बॅक कोण? आल्फ रॅम्झी. एक पेनल्टी मारली त्याने. त्यानंतर तो देशाकडून कधी खेळला नाही. 1966 मध्ये मॅनेजर म्हणून वर्ल्डकप मात्र त्यानेच जिंकून दिला, विंगरांना घरी बसवून.

मडगांवकार

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण 1956 आलं की आम्हाला गप्प बसवत नाही. मेलबर्न ऑलिंपिक, भारत चौथा. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी 4-2, त्यात नेव्हिल डिसोझाचे तीन. मुंबईत खेळायचा, आमचा गोंयकार. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाकडून 4-1 हरलो, तो एक गोलही नेव्हिलचाच. चार वर्षं आधी हेलसिंकीला त्याच युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 ने झोडपलं होतं, आपले बरेच जण अनवाणी. मधल्या चार वर्षांत काय झालं हे वाचायचं असेल तर नोव्ही कपाडियांचं 'बेअरफुट टू बूट्स' वाचा (2017). कोच रहीमसाहेबांबद्दल त्यात वाचायला मिळेल. निशाताईंना आपला इतिहासही हवा की.

डोंबिवलीची_निशा

अरे बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मडगांवकार, ते नक्की वाचणार, नेव्हिल डिसोझा हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि लाज वाटली.

जुनाहाफ, हंगेरीचं प्रकरण काल वाचलं. डोक्यात बसेना म्हणून जेवणाच्या टेबलावर इंग्लंडचे राजमे आणि हंगेरीचे पावटे मांडले. मागे तीन राजमे, त्यांच्यापुढे दोन. पावट्यांचे दोन विंगर कडेला, पुश्काश-कोचिश मध्ये पुढे, आणि हिदेगकुटी पावटा एक वीतभर मागे. मग मधल्या राजम्याला बोट लावलं आणि पुढे सरकवला. आणि अहो, मागे टेबल दिसलं! नुसतं टेबल. कडेच्या दोन राजम्यांना आत आणावं तर विंगर पावटे मोकळे. नवरा म्हणाला आज उसळ आहे का.

आता हे चालू सामन्यात कसं बघायचं?

जुनाहाफ

उसळीच्या आधी एक काम करा. 2 मे 2009 चा सामना शोधा, रिआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना, बार्नाबेऊवर. 6-2 बार्सिलोना. तुमचे राजमे-पावटे छप्पन्न वर्षांनी पुन्हा तेच करताना दिसतील.

सुरुवातीला मेस्सी नेहमीसारखा उजव्या कडेला आणि एटो मध्ये आहे. थोड्याच वेळात दोघे जागा बदलतात. इथून पुढे दहा मिनिटं चेंडू बघू नका. फक्त रिआलचे दोन सेंटर बॅक बघा, कानावारो आणि मेट्झेल्डर. मेस्सी मागे सरकला की ते काय करतात? पुढे पाऊल टाकतात, थांबतात, परत मागे येतात. मेस्सीला धरायला मिडफिल्डमधलं कोणी मागे येतंय का तेही बघा. हेच जॉन्स्टनचं दुखणं. आदल्या रात्री ग्वार्दिओलाने मेस्सीला बोलावून हीच जागा व्हिडिओवर दाखवली होती. तो प्रसंग मार्ती पेरार्नाऊच्या 'पेप कॉन्फिडेन्शियल'मध्ये आहे. ते पुस्तक मात्र मुख्यतः बायर्नच्या 2013-14 मोसमाचं आहे, तेव्हा सध्या तेवढीच पानं वाचा.

एक सावधगिरी. सामन्याआधी टीव्हीवर 4-3-3, 4-2-3-1 असं चित्र दाखवतात. त्याच्याशी मैदान जुळवत बसू नका, पाच मिनिटांत जुळेनासं होतं आणि माणूस समजतो की आपल्यालाच कळत नाही. चेंडू आपल्याकडे असताना संघ एका आकारात असतो, गेला की दुसऱ्या.

कूपरेज_स्टँड

हे मात्र पटलं नाही. आकडे निरर्थक असतील तर विल्सनचं अख्खं पुस्तकच निरर्थक. नावच पिरॅमिड उलटण्याचं आहे, दोन बॅक आणि पाच फॉरवर्डचे हळूहळू चार बॅक आणि एक फॉरवर्ड कसे झाले त्याचं.

जुनाहाफ

निरर्थक म्हणालो नाही. शंभर वर्षांची दिशा आकड्यांतून दिसते, रविवारची मॅच दिसेलच असं नाही. पण हो, विल्सनची मांडणी कधी कधी फार सरळ रेषेत जाते, त्यावर माझाही आक्षेप आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

पेठेतला

त्यो सामना मी पण बघितला आत्ता. मेट्झेल्डर पुढं जाऊ की मागं ऱ्हाऊ करत हुता ते लई वाईट वाटलं बघून. आमच्याकडं असता तर पब्लिकनं नाव ठेवलं असतं त्याला.

डोंबिवलीची_निशा

बघितला. पहिल्यांदा बघताना 20 मिनिटांत तीन गोल झाले आणि मी परत चेंडूच बघत बसले. दुसऱ्यांदा मुलाने स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यावर वर्तमानपत्र धरलं, म्हणजे रिआलचा गोल आणि बॅक तेवढे दिसतील. तेव्हा दिसलं. मेस्सी मागे सरकतो, कानावारो हात करून कोणाला तरी पुढे जायला सांगतोय असं वाटलं, आणि त्या बाजूला कोणी नाहीच. दर वेळी कळतं असं नाही. चौथ्या गोलला ऑन्री कुठून आला ते मला अजून समजलेलं नाही, तीनदा मागे घेऊन बघितलं.

पण एक प्रश्न. मग मेट्झेल्डरने करायला काय हवं होतं?

ऋतुजा_के

ऑन्रीचं सोपं आहे, सगळे मध्ये बघत होते आणि तो डावीकडून पाठीमागे पळाला. मधला माणूस मागे सरकला की कडेचे आत येतात. मेट्झेल्डरचं उत्तर जुनाहाफ देतील.

जुनाहाफ

माझ्या मते मेट्झेल्डरने काहीच नाही, मिडफिल्डरने मागे यायला हवं होतं. राजम्यांपैकी पुढचे दोन आठवा. त्यातला एक मागे आला तर स्टॉपरला हलावंच लागत नाही. पण मग पुढे शावी आणि इनिएस्ताकडे कोण बघणार?

कूपरेज_स्टँड

सगळी लाइनच पुढे घ्यायची. मेस्सी मागे गेला तर चौघांनी मिळून पुढे, मधली जागाच संपवायची.

जुनाहाफ

आणि ऑन्री त्यांच्या पाठीमागे पळाला की? आत्ताच विचारलं ना ताईंनी तो कुठून आला म्हणून.

पेठेतला

एकानं मेस्सीला चिकटायचं. जाईल तिथं जायचं. पाणी प्यायला गेला तरी मागं जायचं.

डोंबिवलीची_निशा

पेठेतले, तुमचं करून बघितलं टेबलावर. एक राजमा पावट्याच्या मागे मागे मध्यापर्यंत गेला. परत भगदाड.

आता चॅपमनचं प्रकरण घेतलंय. आणि मराठी पुस्तकाचं कोणीच काही बोललं नाही.